बिल्लीवाल्याचा वाघ

"फोटो जरा क्लियर करून दे" हे वाक्य भिवंडीत मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा "जेवलीस का" असंही मला कुणी विचारलं नसेल. धामणकर नाक्याजवळच्या एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात मी काही वर्षं कम्प्युटरवर बसत होते. वाढदिवसाचे, निवडून आल्याबद्दल अभिनंदनाचे, कुणी वारलं तर श्रद्धांजलीचे असे सगळे बॅनर मीच करायची. माणसं रेशनकार्डावरचा फोटो आणायची. लग्नाच्या गर्दीत चौथ्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं नखाएवढं डोकं दाखवायची, आणि हे आठ फुटांवर छाप म्हणायची. नाही होत म्हटलं की चेहरा पाडायची. "कम्प्युटर आहे ना तुझ्याकडे?" आहे. पण जे फोटोत नाही ते कम्प्युटर कुठून आणणार? हे मी इतक्यांना समजावलं की शेवटी शेवटी माझ्या बोलण्यात तिखटच जास्त असायचं.

ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले, ते आले त्या दुपारी लोडशेडिंग होतं. लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, त्यामुळे सगळ्या गल्लीत एक विचित्र शांतता, आणि मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. साठीचे गृहस्थ, खारबावकडच्या एका गावातले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"बाय, यो बोर्ड बनवून दे. व्हता तसाच."

मोबाइलच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर पिवळसर चिखल दिसत होता. चिखलात वर एक लाल पट्टा, मध्ये काहीतरी नारिंगी.

"काय आहे हे?"

"आमचं दुकान."

मग सगळं कळलं. लूमच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान नाक्यावर होतं. धोटे, पिकर, फण्या, पट्टे. वडिलांनी टाकलेलं. रस्ता रुंद करायला काढला तेव्हा दुकानाचा पुढचा भाग गेला आणि त्याबरोबर वडिलांच्या वेळचा, हाताने रंगवलेला पत्र्याचा बोर्डही बुलडोझरखाली गेला. आदल्या संध्याकाळी पुतण्याने रस्त्यापलीकडून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला होता, तो हा. काकांनी आता मागच्या गल्लीत, टेम्पो स्टँडच्या पाठीमागे गाळा घेतला होता. पण गिऱ्हाईक येईना.

"आमचं गिऱ्हाईक म्हंजे लूमवाले. कोनी यूपीचा, कोनी तेलंगी. मराठी वाचता येत न्हाय, कोनाला तं काहीच वाचता येत न्हाय. ते बोर्डावरचं चित्र बघून येतात. चित्र दिसलं न्हाय तं पुढं जातात. पुढं दुसरी दुकानं हायेत." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "असंच चाललं तं दिवाळीला मी शटर खाली ओढीन आणि गावाला जाऊन बसेन. बापाचं दुकान हाय, बाय."

हे ऐकल्यावर कुणाला नाही म्हणवेल? मी हो म्हटलं आणि पुढचे पंधरा दिवस स्वतःला शिव्या दिल्या.

लाइट आल्यावर फोटो कम्प्युटरवर घेतला. सबंध फोटो साडेसहाशे ठिपके रुंदसुद्धा नव्हता, आणि त्यातला बोर्ड जेमतेम तीनशे. बोर्ड हवा दहा फूट बाय तीन. म्हणजे एकेक ठिपका माझ्या करंगळीच्या नखाएवढा होणार. काकांना तसा मोठा करून दाखवला तर पडद्यावर नुसते चौकोन.

"आता हे साफ कर," ते म्हणाले.

मी साफ करून दाखवलं. फोटोशॉपमध्ये आकार दहापट केला. दोन ठिपक्यांच्या मधली जागा कम्प्युटर त्यांच्या रंगांची सरासरी काढून भरतो, त्यामुळे चौकोन गेले आणि त्याजागी धुकं आलं. मग कडा धारदार केल्या. धुक्याला कडेने पांढऱ्या रेघा उमटल्या. मोबाइलने फोटो लहान करून साठवताना केलेल्या चौकटी तेवढ्या जास्त ठळक झाल्या. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "अजून एकदा कर."

"काका, कितीही वेळा केलं तरी हेच होणार. फोटो साफ होत नाही. हा बोर्ड मला पहिल्यापासून काढावा लागेल. खाली हा फोटो ठेवायचा, वर रेघा मारायच्या."

"मग मार की."

मार की! माझ्या शेठने मागून हसू दाबलं. वाढदिवसाच्या बॅनरला मला अर्धा तास लागायचा आणि ते शेठला आवडायचं. या कामाला किती दिवस लागणार ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो हसत होता.

आधी बोर्ड सरळ केला. पुतण्याने तिरक्यातून फोटो काढल्यामुळे डावी बाजू उंच आणि उजवी बुटकी आली होती. चारही कोपरे ओढून त्याला दहाला तीनच्या चौकटीत बसवलं. माप नक्की होतं, कारण बोर्ड जुन्या शटरच्या रुंदीचा होता आणि शटर काकांनी नव्या गाळ्याला आणून बसवलं होतं. मग फोटो फिका करून कोरल या रेघांनी चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये खालच्या थरात कुलूपबंद ठेवला आणि वर अक्षरं काढायला घेतली. तयार फॉन्ट एकही जुळेना. पेंटरने ब्रशने लिहिलेली अक्षरं, त्यांची पोटं फुगलेली, शिरोरेघ शेवटाला किंचित वर गेलेली. एकेक अक्षर बिंदू टाकून, बाक ओढून काढलं. एक गोष्ट उपयोगी पडली. जे अक्षर बोर्डावर तीनदा आलं होतं ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी पुसट होतं. एकात कान्याचा शेवट दिसायचा, दुसऱ्यात गाठ दिसायची. तिन्ही शेजारी ठेवून मी एक पक्कं अक्षर बनवलं. असं काढलेलं अक्षर रेघांचं असतं, ठिपक्यांचं नाही. त्यामुळे ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

खालचा फोन नंबर अजिबात वाचता येत नव्हता. तीन की आठ? इथे मी अंदाज केला नाही, काकांकडून बिलबुक मागवून त्यावरून घेतला. रंगाचंही तसंच. फोटो संध्याकाळचा, सगळंच पिवळं. शेजारच्या चुन्याच्या भिंतीला पांढरं धरून रंग दुरुस्त केले, तेव्हा जमीन पिवळी नसून मलईसारखी निघाली. काका जुन्या चौकटीचा रंग लागलेला एक तुकडा घेऊन आले. त्याच्याशी ताडून पाहायला मी फ्लेक्सवर चार लाल पट्ट्या छापल्या, कारण पडद्यावरचा लाल आणि शाईतला लाल यांचं कधी पटत नाही. तिसरी पट्टी जुळली.

इतकं सगळं मी शहाण्यासारखं केलं, हे मुद्दाम सांगते. कारण पुढे जे झालं त्यात माझाही शहाणपणा होता.

मधलं नारिंगी चित्र शेवटी घेतलं. सत्तर-ऐंशी ठिपक्यांत एक जनावर होतं. अंग आडवं, शेपूट पाठीवर वळलेली, तोंड आपल्याकडे फिरवलेलं. कान गोल. तोंड चपटं, बशीसारखं. मिशा असाव्यात अशी एक दाट जागा. जनावराच्या वर दोन ठिपके होते, एक गोल आणि एक लांबट. पत्र्याला गंज धरला असेल किंवा मोबाइलची घाण असेल असं म्हणून मी ते पुसून टाकले. उरलं ते प्रामाणिकपणे गिरवलं, आणि समोर आलं एक गुबगुबीत मांजर. छान होतं. मला आवडलं.

काका दुसऱ्या दिवशी आले, पडद्याकडे बघितलं आणि लालबुंद झाले.

"ही मांजर हाय!"

"हो."

"बोर्डावर वाघ हाय!"

"काका, फोटोत मांजर आहे. हे बघा, हे कान, हे तोंड."

"फोटोला काय कलतंय! आमच्या बापानं वाघ काढून घेतलेला. आमच्या गावचा देव हाय वाघ. मांजर कोन बोर्डावर काढंल?"

मी त्यांना फोटो आणि रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. ठिपकान् ठिपका जुळत होता. ते मान हलवत राहिले. तीन दिवस हेच चाललं. जबडा मोठा केला, तर मांजर रागावलेलं दिसायला लागलं. पट्टे वाढवले, तर पट्टेवालं मांजर झालं. दर वेळी ते म्हणायचे, "अजून वाघ न्हाय झाला." कंटाळून मी विचारलं, "लोक काय म्हणायचे दुकानाला? चित्रावरून काही नाव असेल ना?" काकांनी नजर वळवली. "दुकान म्हंतात, अजून काय म्हंनार." तिथे मला शंका यायला हवी होती. पण तोपर्यंत शेठ माझ्या डोक्याशी उभा राहून घड्याळ बघायला लागला होता.

मग मी हात टेकले. आमच्याकडे तयार चित्रांच्या सीड्या होत्या, जनावरांची एक वेगळी होती. त्यातला एक वाघ घेतला. डरकाळी फोडणारा, दात दाखवणारा, एकेक केस मोजता येईल इतका स्वच्छ. पेन टूलने त्याच्या कडेकडेने बिंदू टाकून मागचं जंगल कापलं, कड जराशी मऊ केली आणि मांजराच्या जागी वाघ बसवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

"असा पायजे व्हता. असा बापाच्या मनात व्हता."

बॅनर छापायला टाकला. मध्येच लाइट गेली आणि वाघाच्या पोटावर आडवी रेघ पडली, म्हणून पुन्हा छापला. कडा दुमडून, रिंगा मारून, लोखंडी चौकटीवर ताणून तो गल्लीत चढला. लांबून बघितला तर माझी मला कमाल वाटली. अक्षरं पेंटरचीच, रंग तेच, आणि मध्ये तो वाघ. शेठने तर त्याचा फोटो काढून आमच्या दुकानात नमुना म्हणून लावला.

तीन आठवड्यांनी काका परत आले. या वेळी खिशात पेनं नव्हती. खुर्ची ओढून बसले. मला वाटलं शाई उडाली असणार, आणि मी भांडायच्या तयारीला लागले.

"गिऱ्हाईक येत न्हाय," ते म्हणाले.

"बोर्ड तर दिसतोय लांबून."

"दिसतोय. काल मी गल्लीच्या तोंडाला चहा पीत व्हतो. आमचा एक जुना गिऱ्हाईक आला, यूपीचा मुकादम, वीस वर्षांचा. चहावाल्याला विचारलं त्यानं, बिल्लीवाला कहाँ गया? चहावाला नवीन हाय. तो म्हनला, इधर तो शेरवाला है, बिल्लीवाला बंद हो गया. आन् तो गेला. माझ्या मागून गेला, माझी पाठ व्हती त्याच्याकडं. मी हाक मारली न्हाय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बिल्लीवाला?"

"म्हंतात," ते पुटपुटले. "बापाच्या वेलपासून म्हंतात. सुताच्या कांड्या भरनारे, मुकादम, समदे. मला न्हाय आवडत. मी कधी ओ दिली न्हाय त्या नावाला."

मला असा संताप आला की मी खुर्चीवरून उठले. तीन दिवस मी या माणसासमोर मांजर धरून बसले होते! सरळ सरळ विचारलं होतं, लोक काय म्हणतात! "काका, हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? मी काढलं होतं ना तुमचं मांजर? ठिपक्याला ठिपका जुळवून काढलं होतं!"

"मांजर न्हाय ते," काका म्हणाले. इतकं झाल्यावरही! "वाघ हाय."

आणि माझं ते मांजर तरी कुठे उरलं होतं? त्याच फाइलवर मी वाघ चढवून सेव्ह केलं होतं. जुनी फाइल वेगळी ठेवायची एवढी साधी गोष्ट, ती मी केली नव्हती. फोटो तेवढा होता. शेठ म्हणाला, पुन्हा तीन दिवस मी देणार नाही, रविवारी तुझ्या वेळेत कर. म्हणजे मला सुट्टीही नाही.

"मला पुन्हा अंदाजाने काढायचं नाही," मी काकांना बजावलं. "त्या जनावराचं दुसरं काही आहे का? जुनं बिल, पिशवी, कॅलेंडर, काहीही?"

त्यांनी विचार केला. "पेंटरला बाप गावाला घेऊन गेला व्हता. बघून काढलंय त्यानं."

"काय बघून?"

"देवाला बघून. सांगितलं ना, वाघ देव हाय आमचा."

रविवारी सकाळी मी शेठचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांच्या गावाला गेले. शेताच्या बांधावर, एका झाडाखाली वाघोबाचा दगड होता. गुडघ्याएवढा, शेंदराने भरलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. मी वाकून बघितलं आणि मला हसावं की डोकं आपटावं कळेना. अंग आडवं, शेपूट पाठीवर वळलेली, तोंड आपल्याकडे. कान गोल, तोंड बशीसारखं चपटं. मिशा कोरलेल्या. मांजरच. आणि त्याच्या वर, दगडात कोरलेला एक गोळा आणि एक कोर. सूर्य आणि चंद्र.

मी घाण म्हणून पुसलेले ते दोन ठिपके.

पेंटरने काहीही चुकवलं नव्हतं. पुतण्याच्या त्या भिकार मोबाइलनेही नाही. फोटोत जे होतं ते सगळं खरं होतं, थोडं होतं एवढंच. काकांना त्यात मनातला वाघ दिसत होता आणि मला घाण दिसत होती, आणि दोघांनी मिळून त्यातलं खरं तेवढं काढून टाकलं होतं. मला माझीच लाज वाटली. काका चपला काढून बाजूला उभे होते.

"बघ," ते म्हणाले. "कसा वाघ हाय."

मी फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, उन्हात आणि छत्रीची सावली धरून, म्हणजे कोरलेल्या खाचा नीट याव्यात.

रोज दुकान बंद झाल्यावर बसत गेले, आणि या वेळी काम सरळ झालं. जुन्या फोटोवरून आकार आणि जागा घेतली, कारण बोर्डावर ते चित्र पेंटरने दगडापेक्षा थोडं लांबट केलं होतं आणि डावा कान जरा मोठा काढला होता. तो कान तसाच मोठा ठेवला. ठिपक्यांत जे दिसत नव्हतं ते दगडावरून घेतलं, मिशा किती, शेपटीचा वळसा कुठून, डोळे कसे. वर सूर्य आणि चंद्र. आणि दर तासाला फाइल वेगळ्या नावाने सेव्ह केली. काका यायचे, मागे उभे राहायचे, पण एकदाही तोंड उघडलं नाही.

नवा बॅनर चढला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. चौकटीवर ताणताना सुरकुती राहिली होती, ती बघायचं निमित्त. काका गल्ल्यावर बसले होते. मी बाहेर उभी राहून वर बघत असतानाच गल्लीच्या तोंडाशी लुंगी नेसलेला एक माणूस थबकला. खांद्यावर पंचा, पंच्याला कापसाची रुई चिकटलेली. बोर्डाकडे बघून त्याने हात वर केला आणि तिथूनच ओरडला, "अरे बिल्लीवाले सेठ! हम तो समझे आप गाँव चले गए!"

मी काकांकडे बघितलं. ते उठले. दुकानाच्या पायरीपर्यंत आले. क्षणभर मला वाटलं आता हे त्याला समजवायला बसणार की बाबा रे, मांजर नाही, आमचा देव आहे, बापाने काढून घेतलाय.

"हाँ भाई," काका म्हणाले, "बिल्लीवाला इधरच है. आओ."

तो आत गेला, त्याने पिकर मागितले, काकांनी काढून दिले. त्याचं पोरगं काय करतं, लूम किती चालतात, हे सगळं विचारून झालं. तो गेल्यावर काका पुन्हा बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहून बोर्डाकडे बघू लागले. मी सुरकुतीबद्दल काहीतरी बोलायला लागले तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"आता बघ, बाय," ते म्हणाले. "आता खरा वाघ दिसतोय का न्हाय?"

पंधरा दिवस, दोन बॅनर आणि एक रविवार घालवून ऐकायला मिळालं ते हे. पण मी मान वर करून बघितलं, आणि तो मोठा डावा कान, ते बशीसारखं तोंड बघत मी म्हटलं, "दिसतोय, काका."